आधी चौकोन, मग त्रिकोण

आमच्या घरच्या कंदिलाला २४ कामट्या लागतात, सगळ्या एका मापाच्या. चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, ते टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडत त्यांचं कडं करायचं. मग चौघांची वरची टोकं चार कामट्यांनी एकमेकांना बांधायची आणि खालची टोकंही तशीच. एवढं झालं की सांगाडा आपोआप दिसू लागतो : चार बाजूंना चार चौकोन, वर एक, खाली एक आणि मधल्या फटींत न बांधताच तयार झालेले आठ त्रिकोण. गिरगावातल्या चाळीत माझे वडील दरवर्षी गॅलरीत बसून हा कंदील करायचे आणि त्यांच्या हाताखाली मी तो शिकले. ते फारसं काही समजावून सांगत नसत. त्यांचं एकच वाक्य होतं, "आधी चौकोन, मग त्रिकोण." कागद चिकटवायचा क्रम होता तो. मी तो आयुष्यभर पाळला. का, ते विचारायचं सुचलं नाही. परवा नातीने ते विचारलं.

ती आठ वर्षांची आहे आणि हा तिचा पहिला कंदील. कोजागिरी झाल्यावर आम्ही दोघी बुरूड आळीत जाऊन कामट्या घेऊन आलो. कामटी घेताना मी ती वाकवून बघते. ओल्या बांबूची असेल तर मऊपणे वाकते आणि तशीच राहते. तसली नको, कारण ती वाळून बारीक झाली की दिवाळीत गाठी सैल पडतात. सुकलेली कामटी वाकते आणि सोडली की झटकन सरळ होते. पाठीचा, म्हणजे बांबूच्या सालीकडचा भाग घ्यायचा, आतला गराकडचा नाही. गराची कामटी गाठ आवळताना चिरते. तासायचं काम मी माझ्याकडे ठेवलं, कारण सुरी आणि कुसळं दोन्ही लहान बोटांना वाईट. मापाचं काम मात्र सगळं तिला दिलं.

माप असं : कामटी २२ सेंटिमीटर कापायची आणि दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटर आत पेन्सिलीची खूण करायची. खुणेपासून खुणेपर्यंत २० राहतात, आणि तेच खरं माप. बाहेर उरलेली टोकं गाठीला धरायला. तिने पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, तिच्यावर दोन रेघा मारल्या आणि प्रत्येक कामटी तिच्यावर ठेवून खुणा केल्या. मग सगळ्या कामट्यांची मोळी करून जमिनीवर उभी आपटायची आणि वरून तळहात फिरवायचा. एखादी वर आलेली किंवा आत गेलेली असेल तर हाताला लगेच कळते. तिला तीन सापडल्या. "आजी, ही एवढीशीच मोठी आहे, चालेल ना?" मी नाही म्हटलं. एका कामटीतला अर्धा सेंटिमीटर शेवटच्या गाठीपर्यंत लपून राहतो आणि तिथे कडं जुळत नाही म्हणून बाहेर येतो. तेव्हा सगळं सोडावं लागतं.

बांधायला चार हात लागतात. पूर्ण झालेल्या सांगाड्यात १२ कोपरे असतात आणि प्रत्येकात चार कामट्या येऊन मिळतात. एकट्याने चार कामट्या खुणेवर धरून दोरा आवळणं मोठ्यांनाही जमत नाही. माझे वडील म्हणूनच मला बोलावत असणार. धरणाऱ्याचं काम सोपं वाटतं, पण गाठ नीट बसते ती त्याच्याच बोटांमुळे. दोरा आवळला की कामट्या खुणेवरून सरकू बघतात, आणि ते आधी धरणाऱ्याच्या बोटांना कळतं. पहिल्या चौकोनाला ती गप्प बसून धरत होती. तिसऱ्यापासून स्वतःच सांगू लागली, "थांब, सरकली." दोरा जाडसर सुती, आठाच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवायचा, मग आवळून गाठ मारायची आणि गाठीवर बोटभर खळ लावायची. खळ वाळली की दोरा कडक होतो आणि गाठ उसवत नाही.

शेवटची गाठ बसली आणि तिने सांगाडा दोन्ही हातांत उचलला. वरून जरा दाबला तर तो गिरकी घेऊन आकसला. सोडला तर अर्धवट उघडला. दुसरीकडून दाबला तर तिरपा झाला. तिला फार गंमत वाटली, पण पुढच्याच क्षणी चेहरा उतरला. "आजी, आपण चुकलो. हा उभाच राहत नाही."

चुकलो नव्हतो. हा सांगाडा या टप्प्यावर असाच असतो. इतकी वर्षं मी तो गुडघ्यात धरून पुढचं काम उरकत आले. पण ती विचारत होती, कुठली गाठ सैल आहे? आम्ही एकेक गाठ हलवून बघितली. एकही सैल नव्हती. मग उरलेल्या तुकड्यांतून मी तीन कामट्यांचा एक त्रिकोण बांधला आणि चारांचा एक चौकोन, आणि दोन्ही तिच्या हातात दिले. त्रिकोण कसाही दाबला तरी तसाच राहिला. चौकोनाचे दोन कोपरे दाबले की त्याची शंकरपाळी व्हायची, गाठी पक्क्या असूनही. तीन कामट्यांची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरतो, त्याला दुसरीकडे जायला जागाच नसते. चौकोनाला असते. तिने पुन्हा सांगाडा उचलला आणि आता बघून बघून दाबला. आठही त्रिकोण जसेच्या तसे, हलतात ते फक्त सहा चौकोन. "म्हणजे चौकोनांनाच काहीतरी करायला हवं," ती म्हणाली. वडिलांच्या वाक्याचा अर्थ तेव्हा माझ्यासमोर उलगडला.

सहांपैकी वरचा आणि खालचा चौकोन उघडा राहतो, तिथे कागद नसतो. म्हणून त्यांच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक-एक तिरकी कामटी बांधायची. २० च्या चौकोनाचा कर्ण सव्वाअठ्ठावीसच्या आसपास येतो, तेवढ्यावर खुणा करून कामटी सुमारे ३० ची कापायची. कर्ण बरोबर असला की चौकोन काटकोनात येतो आणि तिथेच थांबतो. वरच्या कामटीच्या मध्यावर कंदील टांगायचा दोरा येतो. खालच्या कामटीवर पूर्वी पणतीची थाळी ठेवायचे. आता दिवा वरून सोडतात आणि खालची कामटी कशाला म्हणून पुष्कळजण ती गाळतात. मग वाऱ्यात कंदील खालून वळतो, तिरका होतो, आणि दोष बिचाऱ्या कागदाला मिळतो. पणती गेली तरी ती कामटी राहायला हवी.

बाजूच्या चार चौकोनांना कामटी लागत नाही. त्यांना पतंगाचा कागद धरतो. नातीला हे पटेना. बोट जोरात लागलं तर फाटणारा कागद बांबूला कसा धरेल? मी तो हातात ताणून दाखवला. कागद दुमडायला काहीच जोर लागत नाही, पण सपाट ताणून दोन टोकांना सारखा ओढला तर तो चांगलाच तग धरतो. चौकोनाची शंकरपाळी व्हायची तर त्याचा एक कर्ण लांबावा लागतो, आणि चारही कडांना चिकटलेला ताठ कागद तो लांबू देत नाही. अट एवढीच की तो ताठ हवा. सुरकुती असेल तर ती सुरकुती सरळ होईपर्यंत चौकोन सरकून घेतो, आणि तेवढं सरकणं कंदील वाकडा दिसायला पुरतं.

म्हणून खळ नीट हवी. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, गुठळी ठेवायची नाही, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की झाली. कच्ची खळ वाळल्यावर भुकटी होऊन सुटते. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागद सगळा भिजला की आपल्याच वजनाने फाटतो. कागद चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा कापायचा आणि कामटीवरून आत वळवायचा. ओलसर असताना तो जरा ढिला दिसतो, वाळताना आवळतो. समोरासमोरचे दोन चौकोन आधी, मग उरलेले दोन, म्हणजे एकाच बाजूला ओढ बसत नाही.

तिसरा चौकोन तिने एकटीने लावला आणि वाळवायला सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला. तासाभराने बघतो तर कंदील एका खांद्यावर झुकलेला. कागद मात्र टणक, एक सुरकुती नाही. टेकवल्यामुळे चौकोन ओला असतानाच सरकला होता, आणि आता कागद त्याला त्या वाकडेपणातच घट्ट धरून होता. मी तिला दोरा दिला आणि दोन्ही कर्ण मोजायला सांगितले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब भरला. ओल्या फडक्याने एक कड पाच मिनिटं दाबून ठेवली, खळ मऊ झाल्यावर कागद हळूच उचलला, कर्ण सारखे केले आणि पुन्हा चिकटवला. या वेळी कंदील टांगून वाळवला. त्यानंतर चौथ्याचे कर्ण तिने मी न सांगता मोजले, कागद लावण्याआधी आणि नंतरही.

चारही वाळल्यावर मी सांगाडा तिच्या हातात दिला. तिने वरून दाबला, बाजूने दाबला, पिळून बघितला. तो हलला नाही. मांजा तुटेपर्यंत आकाशात तग धरणारा हाच तो कागद, पण त्याच्यात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतक्या स्पष्टपणे मलाही ते कधी दिसलं नव्हतं.

आता त्रिकोण. ते स्वतःच पक्के असल्यामुळे त्यांच्यावरचा कागद फक्त उजेडासाठी. तिथे काहीही केलं तरी कंदील बिघडत नाही, म्हणून ते आठही मी तिच्या स्वाधीन केले. चौकोन पांढरे होते, त्रिकोणांना तिने लाल कागद घेतला, घड्या घालून कात्रीने नक्षी कापली आणि दोन त्रिकोणांत तर इतकी भोकं पाडली की कागदापेक्षा हवाच जास्त राहिली. चौकोनात मी हे करू दिलं नसतं. खाली झिरमिळ्या लावल्या, कडांना सोनेरी बेगड. आत पाच वॅटचा एलईडी दिवा सोडला; चाळीत आम्ही ४० वॅटचा लावायचो तेव्हा त्याच्या जवळचा कागद तापून पिवळा पडायचा.

वसुबारसेला कंदील लागला. पाडव्याच्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि दमट हवेने चौकोनांचे कागद जरा सैलावले. नातीने सकाळी गॅलरीत जाऊन आधी तिरक्या कामट्या चाचपल्या, मग चौकोन, आणि मला ओरडून सांगितलं की थोडासा हलतोय पण पडणार नाही. दुपारच्या उन्हात तो पुन्हा आवळला.

तिला आता पुढच्या वर्षी मोठा कंदील हवाय, मधोमध आठ चौकोनांचा पट्टा असलेला. मी म्हटलं, त्याला ४८ कामट्या लागतात. तिने कागदावर चित्र काढून चौकोन मोजले : मधे आठ, त्यांच्यावर चार, खाली चार आणि दोन उघडे, एकूण अठरा. त्रिकोण आठच. "आजी, हा तर फारच हलेल," ती म्हणाली, आणि सोळा कागद व दोन तिरक्या कामट्या असा हिशेब लिहून तिने तो चिठोरा मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्टीला टाचणीने लावून ठेवला.