हिरव्या रंगाचं कोलेस्टेरॉल

ऐंशीच्या दशकात लॅबमध्ये कोलेस्टेरॉल करायचं म्हणजे अ‍ॅसेटिक अनहायड्राइडचा नाकात चढणारा वास, जपून सोडलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि परीक्षानळीत हळूहळू उमटणारा हिरवा रंग. नळी जरा ओली राहिली तरी सगळं बिघडायचं. कलरीमीटरची सुई वाचून गणित मांडायचं आणि शाईच्या पेनानं फॉर्म भरायचा : कोलेस्टेरॉल २२८, नॉर्मल १५० ते २५०. ती शेवटची हद्द वाचून माणूस निर्धास्त घरी जायचा. ते मोकळे झालेले चेहरे मला आजही मायेनं आठवतात.

ही हद्द ठरायची कशी? धडधाकट दिसणाऱ्या माणसांचं रक्त तपासायचं, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे. मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. सोडियमला ही रीत आजही चालते, कारण शरीर त्याचं प्रमाण फारसं ढळू देत नाही. कोलेस्टेरॉल मात्र खाण्यापिण्यानं आणि आनुवंशिकतेनं खूप बदलतं, आणि धडधाकट दिसणाऱ्यांच्याच धमन्यांत वर्षानुवर्षं निमूट साचत असतं. ज्यांच्यावरून हद्द आखली, त्यांतल्या अनेकांच्या रक्तवाहिन्या आधीच बिघडू लागलेल्या! अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांवर नजर ठेवली गेली. तिथं दिसलं की कोलेस्टेरॉल चढेल तसा हृदयविकाराचा धोकाही चढत जातो आणि झटका आलेल्या कित्येकांचं कोलेस्टेरॉल चारचौघांसारखंच असतं. म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी चारचौघांचा हिशेब बाजूला ठेवला आणि धोका पाहून रेषा आखली : २०० च्या आत असलेलं बरं. आपल्याकडच्या रिपोर्टांवरही पुढे हेच ‘डिझायरेबल’ आलं.

आता मशीन रक्त ओढतं, आतला रंग कुणी पाहतही नाही. समजा, दोन भाऊ एकाच सकाळी रक्त देऊन गेले आणि दोघांचंही एलडीएल ९२ आलं. दोन्ही कागदांवर ‘१०० पेक्षा कमी : ऑप्टिमल’ छापलेलं, तारांकन कुठेच नाही. धाकटा अडतीसचा, सिगारेट नाही, बीपी-शुगर ठीक. त्याचं छान चाललंय. थोरल्याची मात्र अँजिओप्लास्टी झालेली. अशांसाठी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये ५५ च्या आतलं लक्ष्य दिलं, शिवाय मूळ आकडा निम्म्यानं तरी उतरायला हवा. ज्याचा धोका मुळातच मोठा, त्याला एलडीएल तेवढंच उतरलं तरी फायदा जास्त होतो. म्हणून त्याचं लक्ष्य खाली.

हे मशीनला कळत नाही; त्याला स्टेंट ठाऊक नसतो. थोरला घरी जाऊन ‘सगळं नॉर्मल’ म्हणतो आणि स्वतःच गोळी सोडतो, तिथं खरा घात होतो. डॉक्टर मात्र त्याच ९२ वर स्टॅटिनचा डोस वाढवतात, तेवढ्यानं भागलं नाही तर एझेटिमाइब जोडतात आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करायला सांगतात.