‘ड’ तुकडी

मागच्या आठवड्यात इथे शाळेच्या आठवणी निघाल्या आणि कुणीतरी लिहिलं की ‘पूर्वी हुशारीप्रमाणे तुकड्या पाडत, म्हणून शिस्त होती.’ तेव्हापासून लिहायचं मनात होतं. मी बडोद्याची, चार पिढ्यांपासून इथलीच. नोकरीही इथल्याच नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत झाली. पण आधी गोष्ट माझ्या धाकट्या भावाची.

१९८१ साली तो आठवीत गेला. सातवीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे गुजराती माध्यमाचं हायस्कूल, हा प्रकार इथल्या बऱ्याच मराठी घरांना नवीन नाही. शाळेचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक शाळा असंच करत. प्रवेशाच्या वेळी पन्नास-पन्नास गुणांचे तीन पेपर झाले : गणित, गुजराती, सामान्य ज्ञान. धाकट्याला गणितात ३८, गुजरातीत १३ आणि सामान्य ज्ञानात १९ मिळाले. बेरीज ७०. ‘क’ तुकडी ७५ ला संपत होती, त्यामुळे तो ‘ड’मध्ये गेला.

आता त्या ३८ कडे बघा. गणितातली तीन शाब्दिक उदाहरणं त्याने सोडून दिली होती, कारण गुजराती लिपी तो अजून अक्षर अक्षर लावून वाचायचा. म्हणजे कच्ची होती ती भाषा, आणि तीही वर्षभरात सुधारण्यासारखी. पण बेरजेत हे दिसत नाही. बेरीज म्हणाली, मुलगा कच्चा. मग गणितालाही ‘ड’, विज्ञानालाही ‘ड’, चित्रकलेलासुद्धा ‘ड’! चित्रकलेला तुकडी कशाला लागते हे मला आजही कळलेलं नाही.

गुजराती पोरं त्यांना ‘ठोठ’ म्हणत. आपल्या मराठी घरांत तर सोयच होती, ‘ड नाही, ढ.’ आमच्या वाड्यात हे सगळे हसत हसत म्हणायचे, तोही हसायचा.

नावाचं दुखणं होतंच, पण खरी मेख वेगळीच होती. नियमाप्रमाणे वार्षिक परीक्षेत गणितात आणि एकूणात साठ टक्के मिळाले की वरच्या तुकडीत जाता येई. कागदावर दार उघडं होतं. मी तेव्हा पीटीसीला होते, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं शिक्षण घेत होते, त्यामुळे वह्या बघायची सवय लागली होती. मार्चमध्ये त्याची गणिताची वही आणि शेजारच्या ‘अ’ तुकडीतल्या मुलाची वही मी शेजारी शेजारी ठेवली. ‘अ’ची बाराही प्रकरणं झाली होती. ‘ड’ची नऊच. झालेल्या नऊ प्रकरणांतही स्वाध्यायाची शेवटची उदाहरणं गाळलेली, कारण ती ‘अवघड’. वर्षात दोन शिक्षक बदलले होते, आणि अनुभवी साहेब ‘अ’ला असत. वर्गात सांगितलं जाई, तुम्हाला पास होण्यापुरतं पुरे.

पेपर मात्र चारही तुकड्यांना एकच. न शिकवलेल्या तीन प्रकरणांवर त्यात २४ गुणांचे प्रश्न आले. धाकट्यासाठी पेपर शंभराचा नव्हताच, ७६ चा होता. त्यातले त्याने ५२ मिळवले. शिकवलेल्या भागाचा हिशेब केला तर अडुसष्ट टक्के. प्रगतिपुस्तकावर आले ५२. साठ हवे होते, म्हणून तो ‘ड’मध्येच राहिला. नववीचं बीजगणित त्याच राहिलेल्या प्रकरणांवर उभं, त्यामुळे पुढच्या वर्षी खड्डा आणखी मोठा. दहावीपर्यंत ‘ड’मधून वर गेलेला एकही मुलगा त्याला आठवत नाही.

बाबा शाळेत जाऊन आले. साहेबांनी नीट बसवून सांगितलं की मुलगा बिचारा कष्टाळू आहे, पण झेप तेवढीच आहे. बाबांनी ते मान्य केलं. त्या काळी शिक्षकापुढे कोण बोलणार!

मे महिन्याच्या सुट्टीत मी ‘अ’च्या वहीवरून ती तीन प्रकरणं घ्यायची ठरवलं. आधी पाढे म्हणत मागे लागणारा मुलगा, पण वही उघडली तशी म्हणाला, “ताई, हे त्यांचं आहे. आमच्याकडे नाही येत हे.”

मी म्हटलं, “येत नाही म्हणजे? अजून शिकलाच नाहीस तू.”

“तेच ना. आम्हाला नाही शिकवत.”

नऊ महिन्यांत ‘मला’चं ‘आम्हाला’ झालं होतं. पुढे परीक्षेत तो प्रत्येक प्रश्नातलं पहिलं, सोपं उदाहरण सोडवून पुढे जायला लागला. दुसऱ्याला हातच लावायचा नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर ही खूण मला अनेक उत्तरपत्रिकांत दिसली. ज्याला येत नाही, तो चुकीचं का होईना, काही लिहितो. ज्याने स्वतःला बाद केलंय, तो कोरं सोडतो.

म्हणजे कच्च्या मुलांना वेगळं बसवूच नये का? असं मी म्हणणार नाही. उलट अनुभव मला याच शहरात आला. २००१ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम बडोद्याच्या आणि मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळांत चालू होता. तिसरी-चौथीतली जी मुलं पहिली-दुसरीच्या मूलभूत गोष्टींत अडली होती, त्यातली पंधरा-वीस मुलं वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज दोन तास बाजूला घेऊन बसे. जागा नसली तर ओसरीत. अक्षरओळख, वाचन, अंक, साधी बेरीज-वजाबाकी, एवढंच. उरलेले दोन तास मुलं आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर. अडलेली गोष्टच शिकवायची होती आणि ती शिकवली जात होती. चित्रकलेला कुणी त्यांना बाहेर काढत नव्हतं.

या कार्यक्रमाची मोजणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २००७ साली ती छापून आली. (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच दोघं.) मुलांचे गुण वाढले, आणि ती वाढ मुख्यतः मागे पडलेल्या, बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसतं वेगळं करून काही होत नाही, वेगळं करून काय शिकवलं त्याने होतं. आणि खरं तेही सांगते : कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंचसं ओसरलं. दोन तासांची ती मुलगी जादूची कांडी नव्हती.

धाकटा दहावीला चोपन्न टक्क्यांनी पास झाला. आयटीआयमध्ये टर्नर झाला. आज मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. लेथवर टेपर काढायचा तर दोन्ही टोकांच्या व्यासातला फरक आणि लांबी यांवरून कोन काढावा लागतो, म्हणजे शुद्ध त्रिकोणमिती. तो ते पानाच्या टपरीवर उभं राहून तोंडी करतो. बँकेचा फॉर्म आला की मात्र बायकोकडे सरकवतो, “तू भर, मी ‘ड’चा माणूस.”

गेल्या जूनमध्ये त्याच्या नातीच्या शाळेत पालकांची सभा होती. गुणांप्रमाणे सेक्शन करणार, असं जाहीर झालं. सून सांगत होती, सगळे माना डोलावत होते तेव्हा मागच्या रांगेतून हे उभे राहिले आणि गुजरातीत विचारलं, “बेन, दोन्ही सेक्शनला धडे सारखेच होणार ना? आणि मागच्या वर्षी खालच्यातून वर किती गेले?”

बेन म्हणाल्या, बघून सांगते. त्याने दर शनिवारी फोन करून विचारणं अजून सोडलेलं नाही.