लांब केलेला प्रोपेलर शाफ्ट

कोल्हापूरला आमच्या वर्कशॉपमध्ये एक टेम्पो आला. त्याची चासीस लांब करून घेतली होती आणि प्रोपेलर शाफ्टचा पाइपही त्या मापाने वाढवला होता. मूळचा दीड मीटरचा शाफ्ट आता सव्वादोन मीटरच्या जवळ पोचला होता. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सत्तरपर्यंत काय बी न्हाई. पंच्याहत्तर ओलांडली की बूड थरथरतंय, ऐंशीला गिअरचा दांडा हातात राहत न्हाई." त्याआधी दुसरीकडे क्रॉस बदलून झाले होते, शाफ्ट दोनदा बॅलन्स करून झाला होता. फरक शून्य.

मी शेजारी बसून रंकाळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गेलो. ऐंशीला गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन खाली उतरलं, थरथर मात्र तशीच राहिली. म्हणजे इंजिनावर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. नंतर मागचा ॲक्सल स्टँडवर घेतला, दोन्ही चाकं काढून टाकली, शाफ्टखाली लोखंडी कडं बांधलं आणि सगळ्यांना बाजूला उभं केलं. टॉप गिअर डायरेक्ट होता, त्यामुळे इंजिनाचे फेरे तेच शाफ्टचे फेरे. दोन हजारापर्यंत पाइप शांत फिरत होता. बावीसशेनंतर मधला भाग जाड आणि धूसर दिसू लागला, टोकं मात्र जागेवर होती. चोवीसशेला मिस्त्री ओरडले, "बस, बस!" आम्ही तिथेच थांबलो.

मधोमध जाड आणि टोकाला बारीक, हे दिसलं की माझी खात्री पटते. शाफ्ट वाकून फिरत असतो, दोघींनी धरून फिरवलेल्या उडीच्या दोरीसारखा.

असं का होतं? कुठलाच पाइप अगदी सरळ नसतो, त्याच्या वजनाचा मध्य फिरण्याच्या रेषेपासून किंचित बाजूला असतो. फिरताना ती खोट पाइपला बाहेर ओढते. पाइप वाकतो, वाकल्यामुळे वजन आणखी बाहेर जातं आणि ओढ आणखी वाढते. पाइपचा ताठपणा त्याला परत आत खेचत असतो. वेग कमी असताना ताठपणाचं पारडं जड असतं. पण बाहेरची ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते आणि ताठपणा आहे तेवढाच राहतो. ज्या फेऱ्यांना दोन्ही सारखे होतात तो क्रांतिक वेग. त्याच्या निम्म्यावर पाइपचा बाक मूळ खोटीच्या एक तृतीयांश असतो, ९० टक्क्यांवर सव्वाचार पट आणि ९५ टक्क्यांवर नऊ पट. शेवटच्या थोड्याशा फेऱ्यांत सगळा बिघाड होतो, म्हणूनच ड्रायव्हरला सत्तरपर्यंत काही जाणवत नव्हतं. बॅलन्सिंगने खोट कमी होते, हा वेग मात्र हलत नाही.

मी हिशेब मांडला. ७६ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पोलादी पाइप. दीड मीटरला क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे येतो, २.२ मीटरला जेमतेम २,५८०. लांबी दीडपटही झाली नव्हती आणि वेग निम्म्याखाली आला, कारण तो लांबीच्या वर्गाने घटतो. ऐंशीला या गाडीचा शाफ्ट सुमारे २,५०० फेरे घेत होता. शिवाय कागदावरचा आकडा टोकं पक्की धरून काढलेला असतो. गिअरबॉक्स रबरावर बसलेला असल्याने खरा वेग त्याहून खालीच असतो.

मालक म्हणाले, "जाड पाइप टाकू या." हा उपाय फार जणांना सुचतो आणि तो उलटा पडतो. जाडीने ताठपणा वाढतो तसं वजनही वाढतं. तोच ७६ मिमीचा पाइप ५ मिमी जाडीचा घेतला तर क्रांतिक वेग थोडा घटतोच. उपयोग होतो तो व्यासाचा, पण ९० मिमीचा पाइपही ३,१०० च्या आतच राहिला असता. कमाल फेरे क्रांतिक वेगाच्या पाऊणपटीखाली ठेवावेत हा आमचा नियम आहे, त्यात तो बसत नव्हता.

क्रांतिक वेग ओलांडून पलीकडे चालवता येतं, तिथे शाफ्ट पुन्हा शांत होतो. स्वीडनच्या द लाव्हालने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचं टर्बाइन मुद्दाम लवचिक शाफ्टवर असंच चालवलं. पण टर्बाइन तो पट्टा झटकन पार करून वर स्थिर राहतं. मालवाहू टेम्पो चढावर, ट्रकच्या मागे नेमकी त्याच वेगात रेंगाळते. तेवढ्यात पाइप कायमचा वाकतो, गिअरबॉक्सचं मागचं सील गळतं, बेअरिंग जातं.

म्हणून शाफ्टचे दोन तुकडे केले, चासीसला आडवा मेंबर बसवून मधे सेंटर बेअरिंग लावलं. प्रत्येक तुकडा सव्वा मीटरच्या आत, म्हणजे क्रांतिक वेग आठ हजारांच्या वर. स्टँडवर तीन हजारांनाही पाइपची कड स्वच्छ दिसली. रस्त्यावर पहिल्या गिअरला उठताना मात्र नवा हिसका आला. सेंटर बेअरिंग खाली बसल्याने जॉइंटचा कोन वाढला होता. मिस्त्रींनी खाली दोन शिम घातल्या, तोही गेला.