आगाऊ रकमेचा मेसेज : चार ओळींत भांडण कसं टाळता येतं?



आपल्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आई घरी शिवणकाम करते. स्नेहसंमेलनातल्या लेझीम पथकासाठी २४ झब्ब्यांची ऑर्डर आम्ही त्यांनाच दिली. त्यांनी मला मोबाईलवर मेसेज दाखवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा सगळ्यांना पाठवते मी. पण लोक रागावतात. जरा नीट करून द्या ना."

मेसेज असा होता : "ऑर्डरसाठी ५० टक्के ॲडव्हान्स लागेल. ॲडव्हान्स परत मिळणार नाही."

दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, तरी वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतात. पन्नास टक्के कशाचे? पैसे कशाला हवेत? आणि ताईंनीच वेळेवर कपडे दिले नाहीत तर? मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकाने कापड कापल्यावर ऑर्डर रद्द केली आणि सगळे पैसे मागितले. वाद नको म्हणून ताईंनी अर्धे परत दिले, आणि कापलेलं कापड घरातच पडून राहिलं. मापाचं काम असं असतं. दहा वर्षांच्या मुलासाठी कापलेला झब्बा दुकानात टांगून विकता येत नाही.

म्हणून आधी आम्ही वहीत हिशोब मांडला. एका झब्ब्याला दोन मीटर कापड, ११० रुपये मीटरप्रमाणे २२० रुपये. लेस आणि बटणं ३० रुपये. शिलाई २०० रुपये. म्हणजे एक झब्बा ४५० रुपयांना आणि २४ झब्बे १०,८०० रुपयांना. यात नुसतं सामानच ६,००० रुपयांचं. पन्नास टक्के म्हणजे ५,४०० घेतले असते तर ६०० रुपये ताईंच्या खिशातून गेले असते. तेव्हा टक्केवारी सोडली आणि सामानाचा खर्च हीच आगाऊ रक्कम ठरवली. कारण सांगता येतं, म्हणून समोरच्यालाही ती पटते.

मग परतीच्या अटी. "परत मिळणार नाही" असं सरसकट लिहिण्याऐवजी काम कुठवर आलंय त्याप्रमाणे अटी लिहिल्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्येही करार मोडल्यास वाजवी भरपाईच सांगितली आहे, आणि तीही करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. त्यामुळे नुकसान नेमकं किती, हे आधीच लिहिलेलं बरं.

नवा मेसेज असा झाला :

"नमस्कार. २४ झब्ब्यांचे एकूण १०,८०० रुपये होतील. कापड, लेस व बटणं आणण्यासाठी ६,००० रुपये आगाऊ लागतील. उरलेले ४,८०० रुपये शिलाईचे, ते कपडे मिळाल्यावर द्यावेत.

कापड ५ जानेवारीला आणणार आहे. त्याआधी ऑर्डर रद्द केल्यास सर्व रक्कम परत देईन. कापड आणल्यावर, पण कापण्याआधी रद्द केल्यास कापड व सामान तुम्हाला देईन, सामानाचे पैसे परत मिळणार नाहीत. कापणी ८ जानेवारीला होईल. त्यानंतर रद्द केल्यास कापलेलं कापड तुमचं, आणि जेवढे झब्बे शिवून झाले असतील तेवढ्यांची शिलाई द्यावी लागेल.

२० जानेवारीपर्यंत मी कपडे दिले नाहीत तर सर्व रक्कम परत देईन. मापं मी घेतली आहेत, म्हणून कमी-जास्त झाल्यास दुरुस्ती मोफत. कृपया मंजूर असल्यास उत्तर पाठवा."

शेवटचा परिच्छेद लिहिताना ताई थोड्या थबकल्या. "माझ्यावरच बंधन येतंय की!" मी म्हटलं, "हो, पण मला पालकांना उत्तर द्यायचंय. प्रत्येकाने ४५० रुपये दिलेत." दोन्ही बाजूंच्या अटी असल्या की मेसेज धमकीसारखा वाटत नाही.

त्याची परीक्षाही लगेच झाली. १० जानेवारीला दोन मुलांच्या पालकांनी नाव काढून घेतलं. झब्बे कापले होते, शिवले नव्हते. मेसेज उघडला आणि उत्तर समोरच होतं : दोघांची शिलाई, म्हणजे ४०० रुपये, बाकीतून वजा. ४,८०० ऐवजी ४,४०० द्यायचे. त्या पालकांना प्रत्येकी २०० रुपये आणि कापलेलं कापड मिळालं. एक पालक नाराज होते, पण २५० रुपये कुठे गेले हे त्यांना दाखवता आलं.

अर्थात, तारखा पुढे ढकलल्या तर मेसेजही नव्याने पाठवायला हवा. कापणीचा दिवस बदलला आणि कळवलंच नाही, तर ती अट कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

पाचवीच्या वर्गात मी हाच जुना मेसेज फळ्यावर लिहिते आणि विचारते, "हे वाचून तुम्हाला काय काय विचारावंसं वाटतं?" मुलं किती, कशाला, कधी, आणि नाही दिलं तर, असे प्रश्न काढतात. प्रत्येक प्रश्नाचं एक वाक्य लिहिलं की व्यावसायिक पत्र तयार! पालकांनी घरी एखाद्या पावतीवर हा प्रयोग करून पाहावा.