पाच मिनिटांची बाई

मला बोलायला शिकवणारे बरेच जण भेटले. किती बोलायचं ते शिकवणाऱ्या मात्र एकट्या बाईच. त्या आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर कार्यक्रमांचं काम बघत. केंद्रात सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी जत तालुक्यातला भूगोलाचा शिक्षक. बहात्तरच्या दुष्काळावर पाच मिनिटांचं भाषण द्या, असं त्यांचं पत्र आलं, तेव्हा लिहायला बसण्याआधी किती शब्द लिहू हे विचारायला मी केंद्रावर गेलो.

सार्वजनिक भाषणावरचं एक इंग्रजी पुस्तक मी वाचलेलं होतं. त्यात मिनिटाला एकशेतीस ते दीडशे शब्दांचा हिशेब होता, म्हणजे पाच मिनिटांना साडेसहाशे ते साडेसातशे. बाईंनी तो ऐकून घेतला आणि एका चिठोऱ्यावर दोन ओळी लिहिल्या. ‘तो आला आणि गेला.’ ‘रोजगार हमीच्या कामावरल्या बायकांनासुद्धा.’ म्हणाल्या, "सर, दोन्हीकडे शब्द चारच आहेत. अक्षरं मोजा." पहिल्या ओळीत सात निघाली, दुसऱ्या ओळीत अठरा. आपल्या भाषेत ‘च्या’, ‘वर’, ‘ना’, ‘सुद्धा’ हे सगळे शब्दाला चिकटतात आणि शब्द लांबतो. त्यामुळे मराठीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द धरावेत, असं त्यांचं म्हणणं. पण तेही इतरांचं माप. "तुमचा वेग तुम्हीच काढून आणा," म्हणाल्या.

तो कसा काढायचा तेही त्यांनी सांगितलं, आणि माझ्यावरचं ऋण खरं तर इथे सुरू होतं. स्वतःच लिहिलेलं काहीतरी घ्यायचं, कारण दुसऱ्याची वाक्यं आपल्या श्वासाच्या मापाची नसतात. समोर कुणीतरी बसलंय असं समजून, शाळेत वाचतो त्या आवाजात वाचायचं. घरातल्या कुणाच्या हातात घड्याळ द्यायचं आणि मिनिट भरलं की टेबलावर टिचकी मारायला सांगायचं. टिचकी वाजली त्या शब्दावर पेन्सिलीची खूण करायची आणि मागचे शब्द मोजायचे. वेगवेगळ्या तीन मजकुरांवर हे करून मधला आकडा धरायचा. मनातल्या मनात वाचून काढलेला आकडा फाडून टाका, असं त्यांनी बजावलं होतं. मनात वाचताना माणूस श्वासासाठी थांबत नाही, शब्दांची शेवटची अक्षरंही गिळतो.

माझा आकडा निघाला १०८. बाई हसल्या. "जपमाळेचा आहे, विसरणार नाही तुम्ही."

मग वजाबाकी. कागदावर पाच मिनिटं असली तरी आधी निवेदक तुमचं नाव, विषय सांगतो आणि शेवटी पुन्हा नाव घेतो. यात अर्धं मिनिट जातं. उरली साडेचार मिनिटं. १०८ गुणिले साडेचार म्हणजे ४८६. त्यातले सोळा शब्द त्यांनी खाकरण्यासाठी काढून ठेवले आणि मला ४७० दिले. माझ्या अक्षरात फुलस्केपच्या ओळीवर नऊएक शब्द बसत आणि पानावर पंचवीस ओळी. दोन पानं भरून वर दोन ओळी झाल्या की थांबायचं, एवढा हा सोपा हिशेब. शब्द एकेक करून मोजत बसायची गरजच उरली नाही.

मजकूर मी लिहून नेला. लाल मिलो ज्वारी, खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीसाठी लागलेली रांग, पाझर तलावाची कामं. शिक्षक असल्यामुळे आकडेही भरपूर. बाईंनी सगळे आकडे आधी अक्षरी लिहायला लावले. ‘रु. ३,४७,५००’ हे कागदावर दोन शब्द दिसतात. तोंडाने मात्र ‘तीन लाख सत्तेचाळीस हजार पाचशे रुपये’ म्हणावं लागतं, म्हणजे सहा. ‘१९७२’ हा एक, पण उच्चारताना ‘एकोणीसशे बहात्तर’. असे मोठे आठ आकडे असले की बत्तीस शब्द कुणाच्या लक्षात न येता वाढतात. माझ्या वेगाने ती अठरा सेकंदं झाली. त्यांनी आठांतले दोनच ठेवले. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, हे त्यामागचं दुसरं कारण. मला ते वेळेपेक्षाही जास्त पटलं.

मजकूर लांबला तर इथला एक शब्द, तिथला एक शब्द असं खुरडत कापणं त्यांना मान्य नव्हतं. त्याने वाक्यं लंगडी होतात आणि वाचणारा अडखळतो, म्हणजे वाचवलेला वेळ परत जातो. त्या एक अख्खा प्रसंग काढून टाकत. शिवाय एक परिच्छेद सुटा ठेवायला लावत. समारोपाच्या आधीचा, पंचेचाळीसएक शब्दांचा, चौकटीत घातलेला. तो काढला तरी आधीचं आणि नंतरचं वाक्य जुळलं पाहिजे. माझ्या भाषणात तो सुकडीचा परिच्छेद होता. तिथवर पोचायला माझ्या वेगाने साडेतीन मिनिटं लागणार होती. काचेपलीकडच्या घड्याळात त्याहून दहा-बारा सेकंदं जास्त झाली असतील तर चौकट ओलांडून सरळ पुढे जायचं, नसतील तर सावकाश वाचायची. पंचवीस सेकंदांची ती मुभा खिशात असली की माणूस घाई करत नाही.

घाई मात्र माइकसमोर होतेच. म्हणून समासात दर १०८ शब्दांवर रेघ मारायची. दुसऱ्या रेघेपाशी दोन मिनिटांऐवजी पावणेदोन झाली असतील तर आपण पळतोय. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागू लागला, ही त्याची दुसरी खूण. अशा वेळी प्रत्येक शब्द ताणायला जाऊ नये, त्याने आवाज कीर्तनी होतो. फक्त पूर्णविरामाला पुरतं थांबायचं. वेग आपोआप उतरतो.

बाईंकडे मी पुढे बरीच वर्षं जात राहिलो. सभागृहातल्या भाषणाचा हिशेब वेगळा, हेही त्यांनीच सांगितलं. तिथे आवाज घुमतो, मागच्या रांगेपर्यंत पोचायला थांबावं लागतं, आणि मिनिटाला नव्वद-ब्याण्णव शब्दांवर माणूस येतो. त्यात अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव पदासकट. चाळीस सेकंदं त्यातच जातात. म्हणून वक्तृत्व स्पर्धेच्या पोरांना मी पाच मिनिटांसाठी चारशेच शब्द लिहून देत असे. आमच्या शाळेच्या मुलांवर घंटा क्वचितच वाजली आणि त्याचं श्रेय मला मिळत राहिलं. ते बाईंचं होतं हे मी त्यांना पत्राने कळवलं होतं. उत्तर आलं एका ओळीचं: वय वाढेल तसा आकडा पुन्हा मोजा.

दर दोन-तीन वर्षांनी मोजतो. आता माझा आकडा ९६ आहे. कुणी पाच मिनिटांसाठी बोलावलं तर ४३० शब्दांवर थांबतो.