आरएसी मिळाली, आता काय?

मैत्रिणींनो, आमच्या कामोठ्याहून कोकणात जायचे म्हणजे मानसरोवरला लोकल धरायची, एक स्टेशन सोडून पनवेलला उतरायचे आणि तिथून कोकणकन्या. सोपे वाटते ना? पण तिकिटावर ‘वेटिंग’ दिसले की पोटात गोळा येतो. गेल्या फेब्रुवारीत सासूबाईंना घेऊन मडगावला लग्नाला जायचे होते, आणि त्यांचे गुडघे तर रात्रभर बसू देणारे नाहीत!

तिकिटावर आले GNWL 41 आणि 42. म्हणजे आमच्यापुढे चाळीसजण. आठवड्याने पाहिले तर 41/WL 17. पहिला आकडा तिकीट काढतानाचा, दुसरा आजचा. पाहायचा तो दुसराच.

रांग सरकते कशी? पक्के तिकीटवाल्या एकाने ते रद्द केले, की आरएसीतल्या पहिल्याला बर्थ मिळतो आणि वेटिंगमधला पहिला आरएसीत येतो. पुढच्या वेटिंगवाल्यानेच रद्द केले, तरी मागचे एकेक पाऊल पुढे येतात. म्हणून गणपतीत, जेव्हा कुणीच रद्द करत नाही, तेव्हा सतरासुद्धा जड जातो. एरवी तो सहज निघतो.

नंबराआधीची अक्षरेही वाचा बरं का! GNWL ही गाडी सुटते तिथली रांग. ती सर्वांत लवकर सरकते. PQWL मध्ये मधल्या स्टेशनांना मिळून थोड्याच जागा असतात, त्यामुळे तिथला दहासुद्धा अडून बसतो. म्हणून आम्ही तिकीट मुंबईपासून मडगावपर्यंतचे काढले आणि चढायचे ठिकाण पनवेल लिहिले. भाडे थोडे जास्त पडले. शिवाय गाडी मुंबईहून रात्री सुटते अन् पनवेलला मध्यरात्रीनंतर येते, तेव्हा तारखेचा घोळ करू नका हं!

आदल्या दिवशी आम्ही आरएसीत आलो. आरएसी म्हणजे गाडीत चढायचा हक्क आहे, पण साइड लोअर बर्थ दोघांत एक, बसायपुरता. चार्ट लागताना न विकलेल्या राखीव जागाही रांगेला मिळतात, त्यामुळे आकडा एकदम खाली येतो. आमचा मात्र आरएसीवरच थांबला. मग सासूबाईंना पाय पसरायला दिले आणि मी कोपऱ्यात बसले. न आलेल्या प्रवाशांचे बर्थ टीसी आरएसीवाल्यांना क्रमाने देतात. चिपळूण गेल्यावर आम्हालाही एक मिळाला, आणि सासूबाई आडव्या झाल्या.

चार्टनंतरही वेटिंगच राहिले, तर मात्र आरक्षित डब्यात चढू नका. ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचे तिकीट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी स्वतःच रद्द करावे लागते, नाहीतर पैसेही गेले आणि लग्नही!