दुसऱ्या नंबरचा उमेदवार

मी पिरंगुटला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते आणि राहते पौडला. आमच्या मुळशीत घरटी कोणीतरी एकजण पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यात असतो, नाहीतर माण-हिंजवडीच्या आयटीत. आमच्या घरात दोन्ही आहे. नवरा हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो, त्याची कॅब संध्याकाळी साडेचारला येते. मुलगी दुसरीत आहे. मी सहाच्या आत घरी पोचते, तोवर तिला शेजारच्या काकू बघतात. एवढी घडी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं.

नोकरी बदलायचं माझ्या मनात होतं. आतापर्यंतचं माझं काम कारखान्याच्या आतलं. पार्ट तपासायचे, ग्राहकाची तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं, पीपीएपीची कागदपत्रं तयार ठेवायची. मला सप्लायर क्वालिटीत जायचं होतं, म्हणजे माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जाऊन त्यांची प्रक्रिया सुधारायची. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीतून फोन आला तो नेमका याच कामासाठी. जागा चाकणला, कंपनी मोठी.

रिक्रूटर मॅडमनी पहिल्या फोनवर नेहमीची माहिती भरून घेतली: सध्याचा सीटीसी, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती, बदल कशासाठी, चाकणला रोज येणं जमेल का. माझा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. प्रवासाचा हिशेब मी आधीच केला होता. घोटावडे फाट्यावरून माण, हिंजवडी, डांगे चौक, चिंचवड, तळवडे असा रस्ता आहे. लांब आहे, पण कंपनीची बस चिंचवडहून असेल तर जमेल, असं मी सांगितलं. एक गोष्ट मात्र मी आपणहून लिहून घ्यायला लावली: जनरल शिफ्टच. मॅडम म्हणाल्या, "सप्लायर क्वालिटी आहे, जनरलच असणार."

मग एकेक फेरी होत गेली. टेक्निकल मुलाखत ऑनलाइन झाली. त्यानंतर एका खऱ्या तक्रारीचं एट-डी फलकावर लिहून दाखवायला लावलं, ती फेरी मला फार आवडली. मग प्लांटवर बोलावलं. प्लांट हेडनी शॉप फिरवलं, माझ्या कामाबद्दल बारकाईनं विचारलं आणि बोलता बोलता म्हणाले, "ग्राहकाचा माल रात्री जातो, त्यामुळे आमच्या इंजिनिअरना पाळीपाळीनं सेकंड शिफ्ट असते. गाडी घरापर्यंत सोडते." सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. पौडला पोचायला मध्यरात्र उलटणार आणि संध्याकाळी साडेचारनंतर घरात कोणी नाही.

तिथं मी वाद घातला नाही. "मला जनरल शिफ्ट सांगितली होती, मी कन्सल्टन्सीकडून खात्री करून घेते," एवढंच म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. शिफ्टचं असं असेल तर मला जमणार नाही, ऑफर तयार व्हायच्या आत विचारून घ्या, असं स्पष्ट सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलंस. माझ्याकडे दुसऱ्या नंबरचा उमेदवार होल्डवर आहे, त्याला मी अजून नकार कळवलेला नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, आणि नंतर त्यांच्याशी बोलून या धंद्याची रीत मी समजून घेतली. कन्सल्टन्सीला साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी फी मिळते. नऊ लाखांच्या जागेवर ती पंचाहत्तर हजारांच्या आसपास होते. पण ती उमेदवार रुजू झाल्यावर. ऑफर लेटर निघालं म्हणून काही मिळत नाही. रुजू झालेला माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आत, सोडून गेला तर त्याच्या बदल्यात दुसरा फुकट द्यावा लागतो. म्हणून पहिल्याला ऑफर गेली तरी हुशार रिक्रूटर दुसऱ्याला सोडत नाही. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणून त्याला गरम ठेवतो. पण असं किती दिवस ठेवणार? आठवडा, फार तर दोन. तोवर त्याला दुसरीकडे काहीतरी मिळतं, किंवा तो फोन उचलायचं थांबवतो.

त्यामुळे आपला नकार किती गोड शब्दांत आहे, यापेक्षा तो दुसरा माणूस हातात असताना पोचतो की नाही, हे मोठं. माझंच गणित घ्या. मी होकार दिला असता, दोन महिने नोटीस काढली असती आणि रुजू व्हायच्या आठवड्यात माघार घेतली असती, तर कंपनीचे ते दोन महिने गेलेच. वर नवा माणूस शोधायला महिना आणि त्याची नोटीस आणखी दोन महिने. जवळपास अर्धं वर्ष ती खुर्ची रिकामी. हेच मी ऑफर आल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर दुसऱ्या नंबरचा उमेदवार त्याच आठवड्यात ऑफर घेऊन राजीनामा देऊ शकतो.

ऑफर आलीच. मॅडमनी कंपनीला विचारलं होतं, एचआरनी "आल्यावर बघू, ॲडजस्ट करू" असं तोंडी सांगितलं होतं. पगार माझ्या अपेक्षेपेक्षा थोडा जास्त होता. मी लेटर पूर्ण वाचलं. पगाराच्या तक्त्याकडे सगळे बघतात, पण अटी पुढच्या पानांवर असतात. तिथं ओळ होती: कंपनीच्या गरजेनुसार कोणत्याही शिफ्टमध्ये काम करावं लागेल. खाली तीन दिवसांत स्वीकृती आणि त्यानंतर राजीनामा स्वीकारल्याचा मेल पाठवायची अट. "आल्यावर बघू" हे कागदावर कुठेच नव्हतं. मी एकदाच विचारलं, ही ओळ माझ्यापुरती बदलून लेखी मिळेल का? उत्तर आलं, लेटरचा मसुदा सगळ्यांना एकच असतो.

रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, मी कॅबची वेळ बदलून बघतो. पण त्याच्या टीमची वेळ त्याच्या हातात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी कामावर निघण्याआधी मी मॅडमना फोन लावला. मेल आधी पाठवला नाही. मेलवर नकार वाचणारा माणूस तो पुढे ढकलतो आणि मध्ये बोलणं होत नाही. फोनवर त्या लगेच प्रश्न विचारू शकल्या.

"मॅडम, मी ही ऑफर घेत नाही. निर्णय पक्का आहे, म्हणून तीन दिवस न थांबता आजच सांगतेय. कारण शिफ्टचंच."

त्यांनी विचारलं, "किती वाढवून दिलं तर येशील? मी बोलते त्यांच्याशी."

सगळं इथंच बिघडतं. त्या वेळी "अजून लाखभर मिळाले तर विचार करीन" असं म्हणणं सोपं होतं. पण तसं म्हटलं की शिफ्टचं कारण खोटं ठरतं. कंपनी खरंच लाख वाढवून देते, मॅडम त्यांच्याकडे शब्द टाकून बसतात आणि मग पुन्हा नाही म्हटलं तर त्यांचं तोंड पडतं. मी म्हणाले, "पैशांचा प्रश्न नाहीच. त्यांनी दुप्पट दिले तरी साडेचारनंतर घरी कोणी नसणार. तुम्ही त्यांच्याकडे पैशांचं काही मागू नका." त्यावर त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. पैशांवर तोडगा निघतो, म्हणून रिक्रूटर तिथं जोर लावणारच, ते त्यांचं कामच आहे. ज्या कारणावर कोणालाच तोडगा काढता येत नाही ते एकदा नीट कळलं, की त्याही पुढच्या कामाला लागतात.

अर्ध्या तासात मेल पाठवला. मॅडम तो कंपनीकडे जसाच्या तसा पाठवू शकतील असा लिहिला, कारण प्लांट हेडना उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. मूळ इंग्रजीत होता, आशय असा: ऑफरबद्दल आभार. कामाचं स्वरूप आणि प्लांटवरची चर्चा मला मनापासून आवडली. घरच्या जबाबदारीमुळे सेकंड शिफ्ट करणं मला शक्य नाही, हे मी प्लांटवरच्या फेरीनंतर लगेच कळवलं होतं. त्यामुळे मी ऑफर स्वीकारत नाही. जनरल शिफ्टची जागा निघाल्यास मला जरूर कळवावं. बस, एवढंच. शिफ्टची पद्धत चुकीची आहे वगैरे काही लिहिलं नाही, आणि "सध्या" हा शब्दही घातला नाही. सध्या म्हटलं की समोरचा महिन्याभरानं पुन्हा विचारतो. दार उघडं ठेवायचं ते कशासाठी, हे शेवटच्या ओळीत होतंच.

एक मोह मी टाळला. हे ऑफर लेटर आमच्या साहेबांना दाखवून पगार वाढवून घे, असं एका मैत्रिणीनं सुचवलं होतं. तसं केलं असतं तर मॅडमच्या मेहनतीवर मी माझा भाव करून घेतला असता. पुण्यातल्या ऑटोच्या धंद्यात हे लपत नाही. आज जी एचआर चाकणला आहे ती वर्षानं रांजणगावला असते, आणि रिक्रूटरही कंपन्या बदलतात. त्यांच्या शीटमध्ये माझ्या नावापुढे "ऑफर नाकारली" असं असलं तर काही बिघडत नाही. "होकार देऊन आली नाही" असं असलं तर पुढचा फोन येत नाही. माझ्या चुलत दिराचं तसंच झालं. आयटीत नव्वद दिवसांची नोटीस. त्या काळात त्यानं तीन ऑफर घेऊन ठेवल्या, एकीकडे गेला आणि उरलेल्या दोघांचा रुजू व्हायच्या दिवशी फोनच उचलला नाही. त्यातल्या एका कंपनीत नंतर त्याला हवी तशी जागा निघाली. ओळखीनं रेझ्युमे दिला, तो पहिल्याच चाळणीत परत आला.

मॅडमनी नंतर विचारलं, तुझ्या ओळखीत कोणी आहे का? मी लगेच नावं दिली नाहीत. आमच्याकडून सोडून गेलेला एक सहकारी मोशीला राहतो, त्याला आधी फोन केला, सेकंड शिफ्टचं सांगितलं आणि त्याची हरकत नाही म्हटल्यावरच नंबर दिला. पण ती जागा त्याला मिळाली नाही, होल्डवरचा तो दुसरा उमेदवारच रुजू झाला. हे मला मॅडमनी स्वतःहून कळवलं.

त्यानंतर आमचं बोलणं अधूनमधून होतं. दिवाळीच्या शुभेच्छांचे फॉरवर्ड मी पाठवत नाही. सप्लायर ऑडिटचं एक प्रशिक्षण पूर्ण केलं तेव्हा मात्र नवा रेझ्युमे पाठवला, सोबत दोन ओळी. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. उरवड्याच्या बाजूला एका कारखान्यात सप्लायर क्वालिटीची जागा आहे. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "शिफ्ट जनरल आहे, मी त्यांच्याकडून मेलवर घेतलंय, तुला फॉरवर्ड करते." पगार चाकणपेक्षा कमी आहे, पण घरापासून वीस मिनिटांवर. पहिली फेरी येत्या गुरुवारी आहे.